फाइल कोणाची आणि लेखन कोणाचे

मंडळी, आजचा विषय एका उदाहरणावरून समजून घेऊ. फेब्रुवारी २००३. इराक युद्धाच्या तोंडावर ब्रिटनच्या पंतप्रधान कार्यालयाने इराकच्या गुप्तचर यंत्रणेविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याचा बराच भाग इब्राहिम अल-मराशी या संशोधकाच्या लेखातून, त्याला न विचारता, उचलला होता. तो लेख सप्टेंबर २००२ मध्ये एका अभ्यासपत्रिकेत छापून आला होता.

हा दस्तऐवज वर्डच्या फाइलच्या रूपात जालावर होता. त्या काळी वर्ड शेवटच्या दहा जतन-नोंदी फाइलमध्ये ठेवत असे: कोणत्या नावाने आणि कोणत्या जागी ती जतन झाली. रिचर्ड स्मिथ यांनी त्या नोंदी बाहेर काढल्या. त्यांत वापरकर्त्यांची नावे सापडली, आणि काही ठिकाणी `A:\` म्हणजे फ्लॉपीही. संसदेच्या समितीत या नावांवर प्रश्न विचारले गेले.

पण चोरी या नोंदींवरून पकडली गेली नव्हती. केंब्रिजचे ग्लेन रंगवाला यांनी ती आधीच पकडली होती, नुसता मजकूर वाचून. मूळ लेखातल्या व्याकरणाच्या चुका दस्तऐवजात जशाच्या तशा उतरल्या होत्या. वर, 'विरोधी गटांना मदत' याचे 'दहशतवादी संघटनांना पाठबळ' झाले होते. या नोंदींत अल-मराशीचे नाव असण्याचे कारणच नव्हते, कारण त्याने त्या फाइलला कधी हातच लावला नव्हता. फाइल कोणाकोणाच्या हातांतून गेली हे मेटाडेटाने सांगितले. वाक्ये कोणाची, हे मजकुराने सांगितले.

हा फरक आज निबंध तपासताना विसरला जातो. `.docx` फाइल ही खरे तर झिप असते. ती उघडा, `docProps` फोल्डरमधल्या `app.xml` आणि `core.xml` पाहा. समजा, अठराशे शब्दांच्या निबंधात हे दिसले:

```
<TotalTime>6</TotalTime>
<dc:creator>Admin</dc:creator>
<cp:revision>2</cp:revision>
```

सहा मिनिटे! लगेच निकाल द्यायचा मोह होतो. पण थांबा. हा आकडा ही फाइल वर्डमध्ये उघडी असतानाच्या मिनिटांचा आहे, विचार करण्याच्या किंवा लिहिण्याच्या वेळेचा नाही. मुलीने वहीत लिहिले असेल, मोबाइलवर टाइप केले असेल, गूगल डॉक्समध्ये तीन आठवडे घासूनपुसून शेवटी नव्या फाइलमध्ये चिकटवले असेल, तरी इथे सहाच दिसतील. उलट, फाइल उघडी ठेवून कोणी जेवायला गेले, तर आकडा फुगू शकतो. आणि दुसऱ्याचा निबंध समोर ठेवून कोणी हाताने टाइप केला, तर वेळही प्रामाणिक दिसेल आणि जतन-संख्याही.

`creator` चेही तेच. ते नाव त्या संगणकावरच्या वर्डमध्ये भरलेले असते. आपल्याकडे निबंध टायपिंगवाल्याकडून करून घेतला, तर लेखक म्हणून त्याच्या दुकानाचे नाव येईल. शिवाय हे सगळे रकाने साध्या नोटपॅडने बदलता येतात.

मग उपयोग काय? उपयोग आहे, पण एखादा दावा तपासायला. विद्यार्थी म्हणाला, "सर, याच फाइलमध्ये तीन आठवडे रोज लिहीत होतो," आणि फाइल सहा मिनिटे म्हणते, तर दोन्ही गोष्टी एकत्र जुळणे अवघड आहे. इथे चोरी सिद्ध झाली नाही, फक्त विचारायला योग्य प्रश्न मिळाला: "आधीचा मसुदा कुठे आहे, दाखव." गूगल डॉक्सचा बदल-इतिहास असेल, तर तो या एका आकड्यापेक्षा कितीतरी जास्त बोलतो.

दुसरी खूण जरा मजबूत आहे. वर्ड संपादनाच्या प्रत्येक बैठकीला एक यादृच्छिक क्रमांक देतो; ते `word/settings.xml` मध्ये `w:rsids` खाली सापडतात. दोन मुलांच्या फाइलींत असे अनेक क्रमांक सारखे निघाले, तर त्या फाइली बहुधा एकाच मूळ फाइलच्या वंशातल्या. पण ती मूळ फाइल शिक्षकांनी सगळ्यांना दिलेला नमुनाही असू शकते! म्हणून आधी नमुन्यातले क्रमांक वजा करायचे. उरलेले सारखे असले, तर त्या दोन फाइलींचा संबंध आहे म्हणता येईल. कोणी कोणाचे घेतले, हे तरीही कळत नाही.

तेव्हा क्रम रंगवाला यांचा धरा: आधी मजकूर वाचा. चुका, शब्दांची निवड, संदर्भ तपासा, आणि लिहिणाऱ्याला त्याच्याच परिच्छेदाबद्दल समोर बसवून विचारा. फाइलच्या नोंदी त्यानंतर, आणि पुरावा म्हणून नव्हे, तर पुढचा प्रश्न म्हणून.