क्रियापदापर्यंत पोचणारा श्वास

मे 1996 मध्ये अटलबिहारी वाजपेयींचे पहिले सरकार तेरा दिवसांत गेले. विश्वासदर्शक ठरावावरच्या चर्चेला उत्तर देताना त्यांनी लोकसभेत केलेले भाषण आजही लोक पुन्हा पुन्हा ऐकतात. त्यातली टाळ्यांची वाक्ये सगळ्यांना पाठ आहेत. मला मात्र त्याचे शेवटचे वाक्य फार मोलाचे वाटते. ते अगदी साधे आहे : “अध्यक्ष महोदय, मैं अपना त्यागपत्र राष्ट्रपति महोदय को देने जा रहा हूँ.” त्यात विशेषण नाही, उपमा नाही, सुभाषित नाही. एवढ्या मोठ्या भाषणाचा भार अशा वाक्यावर टाकायचा, तर ते म्हणता आले पाहिजे.

वाक्याची घडण पाहा. आधी संबोधन आहे, मग कर्ता, मग ‘त्यागपत्र’. बातमी इथेच फुटते. पण वाक्य अजून संपलेले नाही. कोणाकडे, आणि काय करायला, हे पुढे यायचे आहे, आणि क्रियापद तर अगदी टोकाला आहे. कच्चा वक्ता ‘त्यागपत्र’ जोरात म्हणेल आणि उरलेले शब्द घशात गिळेल. अटलजींचा आवाज शेवटच्या ‘हूँ’पर्यंत पोचतो. म्हणून ते वाक्य निवेदन न राहता कृती होते. बोलता बोलता ते निघालेच आहेत, असे ऐकणाऱ्याला वाटते.

हिंदीसारखीच मराठीही क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा आहे, आणि पहिल्यांदा बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाची अडचण इथेच सुरू होते. भीती वाटली की श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, उथळ आणि भराभर होतो. वाक्याच्या सुरुवातीला आवाज चढा लागतो आणि अर्ध्या वाटेत हवा संपते. म्हणजे वाक्याचा अर्थ जिथे पुरा व्हायचा, नेमका तिथेच आवाज बसतो. ‘केले’ की ‘केले नाही’, ‘होते’ की ‘नव्हते’, हे मागच्या रांगेला कळतच नाही. अशा वक्त्याला ‘मोठ्याने बोल’ असे सांगून उपयोग होत नाही. तो पहिला शब्द आणखी मोठ्याने म्हणतो, आणि हवा आणखी लवकर संपते. त्याला कागदावर श्वासाची जागा दाखवून द्यावी लागते.

अटलजीही एकेकाळी नवखेच होते. ते ग्वाल्हेरचे. 1924 साली तिथे जन्मले, तिथल्या व्हिक्टोरिया कॉलेजात शिकले. त्यांच्या शालेय वयातल्या पहिल्या भाषणाची आठवण त्यांनीच सांगितली आहे. भाषण पाठ करून गेले, मध्येच अडखळले, आणि पुन्हा घोकंपट्टी करून बोलायचे नाही असे ठरवून परतले. पुढे ज्यांच्या थांबण्याची देशभर नक्कल झाली, त्यांचे पहिले थांबणे असे नाइलाजाचे होते.

नवख्याने त्या प्रसिद्ध विरामाची नक्कल मात्र करू नये. अटलजी महत्त्वाच्या शब्दाच्या आधी थांबत. डोळे मिटत, हात हवेत राहत असे, आणि सभा पुढच्या शब्दाची वाट पाहत असे. हा विराम उधारीवर चालतो. आता काहीतरी मिळणार, असा श्रोत्यांचा वक्त्यावर भरवसा असावा लागतो. पहिल्यांदा बोलणारी मुलगी तशी थांबली, तर सभेला वाटते ती विसरली. तिला तेच वाटते, आणि मग ती खरेच विसरते. नवख्याचा विराम अर्थाचा तुकडा पुरा झाल्यावर असावा. श्रोते तेवढ्या वेळात तो तुकडा मनात ठेवतात, आणि वक्त्याला पुढचा तुकडा डोळ्याने उचलता येतो.

एक नमुना घेऊ. समजा, ग्वाल्हेरातल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात कविवाचनाचा कार्यक्रम आहे आणि कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला भा. रा. तांब्यांची ओळख करून द्यायची आहे. तिने लिहून आणलेला मजकूर असा :

“नमस्कार. आज आपण ज्यांची कविता ऐकणार आहोत ते भा. रा. तांबे याच ग्वाल्हेरचे राजकवी होते. 1873 साली मुंगावलीला जन्मलेल्या आणि महाराष्ट्रापासून दूर माळव्यात व ग्वाल्हेरात आयुष्य घालवलेल्या तांब्यांची कविता महाराष्ट्रातल्या घराघरांत गायली गेली.”

माहिती बरोबर आहे. पण तिसरे वाक्य तोंडाचे नाही, कागदाचे आहे. ‘जन्मलेल्या’, ‘घालवलेल्या’ अशी विशेषणे एकामागून एक लावल्यावर कर्ता यायलाच अर्धा श्वास खर्च होतो. इथे विरामाच्या तिरक्या रेघा मारत बसून काही साधणार नाही, कारण दोष वाक्यात आहे. माझ्या अनुभवात खुणा करण्याचे निम्मे काम वाक्य मोडण्याचे असते. चौदा-पंधरा शब्दांपर्यंत श्वास पुरतो. त्याहून लांब गेलेले वाक्य नवख्याच्या हाती देऊ नये. मोडून आणि खुणा करून तेच असे होते :

“नमस्कार. //
आज आपण ज्यांची कविता ऐकणार आहोत, / ते भास्कर रामचंद्र तांबे / याच ग्वाल्हेरचे राजकवी होते. //
त्यांचा जन्म अठराशे त्र्याहत्तरचा, / मुंगावलीचा. //
आयुष्य गेलं माळव्यात आणि ग्वाल्हेरात, / महाराष्ट्रापासून दूर. //
आणि तरीही / त्यांची कविता / महाराष्ट्रातल्या घराघरांत गायली गेली. //”

दोन रेघा म्हणजे थांबून श्वास घ्यायचा. एक रेघ म्हणजे फक्त थांबायचे, श्वास घ्यायचा नाही. हा फरक सर्वात आधी समजावून द्यावा. घाबरलेला माणूस प्रत्येक थांब्यावर घोटभर हवा ओढतो. छाती भरलेली असतानाच वर आणखी भरतो, आणि मग बोलताना दम लागल्यासारखा आवाज येतो. माइकवर तर ती ओढलेली हवा स्पष्ट ऐकू येते. ‘आणि तरीही’नंतरची शांतता श्वास न घेता पाळली तर तिथे अर्थाचा ताण राहतो. तिथेच हवा ओढली तर तो ताण तुटतो, कारण ऐकणाऱ्याचे लक्ष कवितेवरून उडून त्या मुलीच्या दमावर जाते. अटलजींच्या विरामाच्या सर्वात जवळ जाणारी जागा या मजकुरात हीच एक आहे. आधीच्या चार वाक्यांनी भरवसा मिळवल्यावर ती मुलगी इथे एकदा तसे थांबू शकते.

‘नमस्कार’नंतरच्या दोन रेघा लोकांना अनावश्यक वाटतात. मला त्या सगळ्यात जरुरीच्या वाटतात. पहिल्या शब्दानंतर जो पुरा श्वास सोडून नवा घेतो, त्याचे पुढचे वाक्य सावरते. जो ‘नमस्कारआजआपण’ असे एका दमात म्हणतो, त्याला पुढे रेघा दिसतच नाहीत.

रेघ कुठे मारू नये, हेही पाहण्यासारखे आहे. ‘महाराष्ट्रातल्या’ आणि ‘घराघरांत’ यांच्यामध्ये नाही, ‘गायली’ आणि ‘गेली’ यांच्यामध्ये तर मुळीच नाही. विशेषण आणि नाम, नाम आणि त्यामागचे शब्दयोगी अव्यय, मुख्य क्रियापद आणि सहायक क्रियापद या जोड्या तोडल्या की बोलणे वाचल्यासारखे होते. कागदावरची ओळ संपली म्हणूनही थांबायचे नाही. म्हणून एक तुकडा एकाच ओळीत राहील अशा बेताने मजकूर पुन्हा लिहून काढावा. भरताच्या नाट्यशास्त्रात विराम हा पाठाचा भाग म्हणून विचारात घेतला आहे, आणि तो अर्थाने ठरतो, छंदाने नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. पद्याबद्दल जे खरे, ते चार ओळींच्या गद्य निवेदनाबद्दल जास्तच खरे.

आता जोर कुठे द्यायचा ते पाहू. बहुतेक जण कवीच्या पूर्ण नावाखाली रेघ ओढतात, कारण ते महत्त्वाचे वाटते. पण कार्यक्रम तांब्यांचा आहे हे सभेला आधीच ठाऊक असते. ‘राजकवी’वर जोर दिला तर वाक्य कोशातल्या नोंदीसारखे कोरडे होते. जोर ‘याच’वर दिला की समोर बसलेला ग्वाल्हेरकर किंचित पुढे सरकतो, कारण वाक्य त्याच्या गावाचे होते. मजकूर तोच, शब्द तेच, रोख मात्र बदलला. ‘च’ अव्यय लेखकाने घातले तेव्हाच जोर कुठे हवा ते सांगून ठेवले होते, वाचणाऱ्याने फक्त ते ऐकायचे. त्यातही ‘च’वर ठोका मारायचा नसतो. मराठीत जोर आवाज वाढवून येतो त्यापेक्षा स्वर थोडा लांबवून आणि किंचित उंच नेऊन येतो. ‘या’ जरा ओढावा, ‘च’ हलकेच टेकवावा. एका वाक्यात एकच शब्द अधोरेखित करावा. दोन केले की दोन्ही पडतात.

पाचव्या वाक्यात अधोरेखा ‘महाराष्ट्रातल्या’खाली येते, कारण आधीचे वाक्य ‘महाराष्ट्रापासून दूर’ असे संपले आहे. विरोध त्या शब्दात आहे. ‘गायली गेली’ खाली अधोरेखा नको, तिथे शेवटापर्यंत जाणारा एक बाण काढावा. जोर नाही, पण आवाज खाली पडू द्यायचा नाही, एवढीच त्या बाणाची आज्ञा.

आकडे अक्षरांत लिहिले आहेत, ‘भा. रा.’चे पूर्ण नाव केले आहे आणि ‘गेले’ऐवजी ‘गेलं’ लिहिले आहे. घाबरलेल्या डोळ्याला 1873 दिसले की तो ते मनात उलगडत बसतो आणि तेवढ्यात श्वास सुटतो. ‘गेलं’ लिहिले की बोलण्याचा सूर आपोआप घरचा लागतो.

या खुणांना मर्यादा आहेत. त्या जास्त झाल्या की बोलणे रेल्वेस्थानकावरच्या घोषणेसारखे तुटक होते. आणि मुलीला अर्थ कळलेला नसेल तर कितीही रेघा मारा, प्रत्येक वाक्याची चाल एकच लागते. म्हणून खुणा करताना पेन्सिल तिच्या हातात द्यावी आणि ‘इथे का थांबलीस?’ एवढेच विचारावे. जिथे तिला कारण सांगता येत नाही, ती रेघ खोडावी. दोन-तीन दिवस सराव झाला की नव्या कागदावर फक्त दोन रेघांच्या जागा आणि ते दोन अधोरेखित शब्द ठेवावेत, बाकी काढून टाकावे.

काम जमले की नाही ते फोनवर रेकॉर्ड करून कळते, पण ऐकताना कागद समोर नको. कागद असला की न ऐकू आलेले क्रियापदही ऐकू आल्यासारखे वाटते. ‘होते’ आणि ‘गेली’ हे दोन शब्द खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्पष्ट पोचतात का, एवढे पाहावे. मग घड्याळ लावावे. वरच्या पाच वाक्यांना विरामांसह तीस ते चाळीस सेकंद लागायला हवेत. वीस सेकंदांच्या आत संपली, तर ‘नमस्कार’पाशी परत जा आणि तिथून पुन्हा सुरू करा.