कर्णाची युक्ती आणि तिच्यातून गळलेले वाक्य

वास्तव संख्या नैसर्गिक संख्यांपेक्षा 'अधिक' आहेत, ही गोष्ट सांगणारी सिद्धता लोकप्रिय गणिताच्या पुस्तकांत सहसा अर्ध्या पानात उरकलेली असते. ० आणि १ यांच्यामधल्या सर्व संख्यांची यादी केली आहे असे समजा. पहिल्या संख्येचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा असे कर्णावरचे अंक घ्या. प्रत्येक अंक बदला. मिळालेली नवी संख्या यादीत नाही. म्हणून यादी अपुरी. एवढेच. या मांडणीबद्दल माझी तक्रार अशी, की तिच्यातून एक वाक्य गळलेले असते, आणि ते गळले की ही सिद्धता खोटी गोष्टही तितक्याच सहज सिद्ध करते.

हुशार विद्यार्थी विचारतो, "सर, हीच युक्ती परिमेय संख्यांना का लावायची नाही?" परिमेय संख्यांचा संच गणनीय आहे, हे आपण त्याला आदल्याच तासाला सांगितलेले असते. युक्ती तिथेही चालली, तर दोहोंपैकी एक सिद्धता चुकीची असली पाहिजे. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्यक्ष यादी करूनच द्यावे.

परिमेय संख्यांची यादी सांगताना अपूर्णांकांचा चौकोनी तक्ता काढून त्यातून नागमोडी रेषा फिरवण्याची पद्धत आहे. चित्र छान असते, पण १/१, २/२, ३/३ ही एकच संख्या तिथे पुन्हापुन्हा भेटते. म्हणजे ती एकास एक संगती नव्हे. शिवाय चाळिसाव्या जागी कोणता अपूर्णांक येईल, हे चित्रावरून चटकन सांगता येत नाही. त्यापेक्षा एक सूत्रच देऊ. म/न या अपूर्णांकाला पुढील क्रमांक द्या :

२^(म−१) × (२न−१)

प्रत्येक नैसर्गिक संख्या २ चा एखादा घात गुणिले एक विषम संख्या अशी लिहिता येते, आणि ती एकाच प्रकारे. म्हणून कोणताही क्रमांक रिकामा राहत नाही आणि कोणताही दोघांना मिळत नाही. उदाहरणार्थ, ४० = ८ × ५ = २^३ × ५; तेव्हा म = ४, न = ३ आणि अपूर्णांक ४/३. उलट १/४ चा क्रमांक १ × ७ = ७. आता क्रमांकांच्या ओळीने चालत जाऊन अतिसंक्षिप्त नसलेले अपूर्णांक (६ व्या क्रमांकावरचा २/२, १४ व्या क्रमांकावरचा २/४) गाळले आणि उरलेल्यांना नव्याने ओळीने क्रमांक दिले, की धन परिमेय संख्यांची एकही पुनरुक्ती नसलेली यादी तयार होते.

त्यातले ० आणि १ यांच्यामधले तेवढे ठेवू. यादीची सुरुवात अशी होते :

१) १/२ = ०.५०००००…
२) १/३ = ०.३३३३३३…
३) १/४ = ०.२५००००…
४) १/५ = ०.२०००००…
५) २/३ = ०.६६६६६६…
६) १/६ = ०.१६६६६६…

कर्णावरचे अंक ५, ३, ०, ०, ६, ६. नियम असा ठेवू : अंक ५ असेल तर ४ लिहा, नाहीतर ५ लिहा. नवी संख्या ०.४५५५५५… अशी सुरू होते. ही तर आवर्ती दिसते! पुढेही सगळे ५ च आले, तर ती ४१/९०, म्हणजे चक्क परिमेय. मग ती यादीत नाही असे कसे म्हणायचे?

इथेच युक्तीचे मर्म आहे. ४१/९० ही संख्या आपल्या यादीत कुठेतरी आहेच, कारण यादी पूर्ण आहे. ती क व्या जागी आहे असे समजा. क एकापेक्षा मोठा आहे, आणि ४१/९० चा क वा अंक ५ आहे. तेव्हा नियमाप्रमाणे नव्या संख्येत त्या जागी ४ येतो. म्हणजे पाचांची रांग तिथे, किंवा त्याआधीच, तुटते. जी गत ४१/९० ची, तीच प्रत्येक आवर्ती दशांशाची : तो यादीत जिथे असेल, तिथे नवी संख्या त्याच्यापासून फारकत घेते. म्हणून नवी संख्या कोणत्याच आवर्ती दशांशाबरोबर जुळत नाही. ती अपरिमेय आहे.

म्हणजे परिमेय संख्यांना युक्ती लावली, तर ती बिघडत नाही. ती यादीबाहेरची एक संख्या प्रामाणिकपणे देते. फक्त ती संख्या ज्या संचाची यादी केली त्या संचातली नसते. त्यामुळे यादी अपुरी ठरत नाही. वास्तव संख्यांच्या बाबतीत मात्र कोणताही अनंत दशांश ही वास्तव संख्याच असते, म्हणून तिथे यादी अपुरी ठरते. 'नवी वस्तू त्याच संचातली आहे' हेच ते गळलेले वाक्य. सिद्धतेचा अर्धा भार त्याच्यावर आहे.

दुसरी उणीव लहान, पण खरी आहे. पुष्कळ ठिकाणी 'कर्णावरच्या अंकाऐवजी कोणताही वेगळा अंक घ्या' एवढेच लिहिलेले असते. यादीतली पहिली संख्या ०.५०००… असू द्या. पहिल्या जागी आपण ४ घेतला आणि पुढच्या ओळींत कर्णावर कुठेच ९ नव्हता, म्हणून सगळीकडे ९ घेतला. नवी संख्या ०.४९९९… झाली. प्रत्येक अंक वेगळा, तरी संख्या तीच : ०.४९९९… म्हणजेच ०.५. वेगळे लिहिणे आणि वेगळे असणे एक नव्हे. वर फक्त ४ आणि ५ हेच अंक वापरले ते यासाठी. फक्त याच दोन अंकांनी बनलेल्या दशांशाला दुसरे रूप नसते.

गंमत म्हणजे गेओर्ग कँटरच्या मूळ लेखात ही अडचण नव्हतीच. वास्तव संख्या अगणनीय असल्याची त्याची पहिली सिद्धता १८७४ सालची. तिच्यात कर्ण नाही, एकात एक बसणारी अंतराले आहेत. कर्णाची युक्ती १८९१ सालची. तिथे त्याने दशांश घेतलेच नाहीत. 'm' आणि 'w' या दोन चिन्हांच्या अनंत रांगा घेतल्या. रांगा वेगळ्या दिसल्या की वेगळ्याच असतात, आणि m च्या जागी w, w च्या जागी m लिहिले तरी नवी रांग त्याच संचात राहते. दोन्ही खाचखळगे एकदमच टळतात. वर्गात आधी ही रूपे शिकवावीत आणि दशांशांकडे नंतर यावे, असे मला वाटते.

युक्ती समजली की नाही, हे तपासायला एक प्रश्न पुरतो. नैसर्गिक संख्यांच्या डावीकडे अनंत शून्ये लिहा : …०००१, …०००२, …०००३. आता उजवीकडून डावीकडे कर्ण घ्या आणि वरचाच नियम लावा. यादीत नसलेली अंकांची रांग मिळते. मग नैसर्गिक संख्याही अगणनीय का नाहीत? ज्याने गळलेले वाक्य ओळखले आहे, तो विद्यार्थी सांगेल : चार-पाचांची ती रांग डावीकडे कधीच संपत नाही, आणि नैसर्गिक संख्येचे अंक कुठेतरी संपावेच लागतात.