डहाणू-तलासरी परिसरातील जडावकामाच्या पेट्या : द्रव्यपरीक्षा आणि कालनिर्णय

प्रस्तावना

डहाणूच्या चिकूवाड्यांतील पारशी आणि इराणी कुटुंबांच्या जुन्या घरांत जडावकामाची एखादी पेटी, लेखनमंजूषा किंवा लहान मेज आढळले की त्याबद्दल ठरावीक दोन विधाने ऐकू येतात. वस्तू 'हस्तिदंती' आहे हे पहिले आणि ती 'पोर्तुगीजकालीन' आहे हे दुसरे. तलासरीच्या बाजूने संजाण-उदवाड्याकडे गेले तरी यात फारसा फरक पडत नाही. जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्यांनी ही विधाने उचलली आणि पुढे ती वर्णनपर लेखनातही शिरली. प्रस्तुत लेखात या दोन विधानांची चिकित्सा करून, वस्तूच्या अंगावरील पुराव्यावरून तिचा काळ कितपत ठरवता येतो याचा विचार केला आहे.

'पोर्तुगीजकालीन' या शब्दामागील तर्क सरळ दिसतो. सोळाव्या शतकापासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेपर्यंत, डहाणूवर पोर्तुगीजांचा अंमल होता. तेव्हा येथील जुनी आणि परदेशी वळणाची वस्तू त्या अंमलातील असणार, असे मानले जाते. मात्र या तर्कात भूभागाचा इतिहास वस्तूवर लादला जातो. वस्तू ज्या घरात आहे तेथेच ती घडली असे नाही, आणि घराच्या बांधणीच्या वेळीच ती त्या घरात आली असेही नाही. मुंबई ते अहमदाबाद लोहमार्ग १८६० च्या दशकात सुरू झाल्यावर सुरत आणि मुंबई ही दोन्ही कारागिरीची केंद्रे डहाणूला एका गाडीच्या अंतरावर आली. या भागात आढळणाऱ्या पेट्यांचा विचार करताना प्रथम या दोन शहरांकडे पाहणे भाग आहे.

सादेली काम : स्वरूप आणि मार्ग

सुरत व मुंबईत होत असलेल्या सूक्ष्म जडावकामाला सादेली म्हणतात. हे काम करणाऱ्यांत पारशी कारागीर पुष्कळ होते. 'पेटीगरा' हे पारशी आडनाव त्या धंद्याचीच आठवण आहे. या कलेचा उगम इराणातील शिराझ येथे झाला आणि ती सिंधमार्गे पश्चिम भारतात आली, ही हकीकत सर जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय कलाकौशल्यविषयक ग्रंथात नोंदवली आहे. मुंबईच्या कामात कथलाची तार, चंदन, आबनूस, पतंगाचे लाकूड, हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरले जाते, असे तेथे दिले आहे. इंग्लंडमध्ये 'बॉम्बे बॉक्स' म्हणून विकली जाणारी वस्तू ती हीच. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाने तिला मोठी प्रसिद्धी मिळाली. अर्थात हे काम प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील आहे. पोर्तुगीज अंमलाशी त्याचा संबंध जोडण्यास आधार नाही.

सादेलीची कृती समजली की परीक्षेचे निम्मे काम होते. प्रत्येक द्रव्याच्या त्रिकोणी किंवा षट्कोनी छेदाच्या लांब कांड्या तयार करतात. त्या ठरलेल्या नक्षीनुसार सरसाने चिकटवून एक मोळी बांधतात. मोळी सुकली की ती आडवी कापून पातळ चकत्या काढतात आणि त्या चकत्या चंदनी पेटीच्या अंगावर चिकटवतात. म्हणजे नक्षी प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे जुळवलेली नसते. एकाच मोळीच्या त्या अनेक चकत्या असतात. यातूनच सर्वांत उपयुक्त खूण मिळते. मोळीतील एखादी कांडी वाकडी बसली असेल तर ते वैगुण्य त्या मोळीच्या प्रत्येक चकतीत त्याच जागी उमटते. पट्टीत दहा तारका असून नऊंमध्ये डाव्या टोकाशी तेच तिरके त्रिकोण असतील आणि दहावी मात्र निर्दोष असेल, तर दहावी तारका मागाहून बसवलेली असण्याचा संशय घ्यावा. निर्दोषपणावर संशय घ्यावा लागतो, अशा कला थोड्याच.

इराणी कुटुंबांच्या घरांत आणखी एका शक्यतेचे भान ठेवावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या आरंभी याझ्द आणि कर्मान येथून आलेल्या या कुटुंबांबरोबर किंवा नंतरच्या ये-जा करण्यातून इराणी 'खातम' पेट्याही आल्या असणे शक्य आहे. कृती तीच, परंतु खातमात धातू म्हणून बहुधा पिवळसर पितळी तार असते, पांढरा भाग बहुधा उंटाच्या हाडाचा असतो, आणि पृष्ठावर रोगणाचा चकचकीत थर असतो. मुंबईच्या कामात धातू करडा म्हणजे कथील, आतले लाकूड चंदनी, आणि कडांना हस्तिदंताच्या सरळ पट्ट्या असतात. पहिल्या नजरेत सारख्या वाटणाऱ्या दोन पेट्यांतील भेद एवढ्या तपशिलावर ठरतो.

हाड की हस्तिदंत

दहापट मोठे दाखवणारे भिंग येथे पुरेसे आहे. हाडात रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नलिका असतात. आडव्या छेदात त्या ठिपक्यांसारख्या आणि उभ्या छेदात बारीक काळसर रेघांसारख्या दिसतात, कारण त्यांत मळ शिरतो. हस्तिदंतात अशी छिद्रे नसतात. त्याच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांचे जाळे दिसते. हत्तीच्या दंतात बाहेरच्या भागात त्या रेषांचा कोन ११५ अंशांहून मोठा असतो. ही खूण त्याला नामशेष मॅमथच्या दंतापासून वेगळे करते. परंतु सादेलीतील कण मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे असल्याने हे जाळे त्यांत मावत नाही. ते शोधायचे ते पेटीच्या कडांच्या साध्या पट्ट्यांवर किंवा झाकणाच्या मोठ्या पत्र्यांवर, तेही त्यांची कापणी आडवी असेल तर.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सच्छिद्र पांढरा किंवा हिरवा कण दिसला म्हणजे ती मागाहूनची हाडाची दुरुस्ती, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. सांबरशिंगही सच्छिद्र असते आणि ते मूळ कामातच वापरलेले असते. हिरवे कण पुष्कळदा त्याचेच असतात. उलटपक्षी समान अंतरावर समांतर धावणाऱ्या रेघा असलेला गुळगुळीत पांढरा पदार्थ सेल्युलॉइड असू शकतो. तो १८७० नंतर वापरात आला, म्हणून त्याखालचे काम किंवा निदान ती दुरुस्ती त्या वर्षानंतरची असते. तापवलेल्या सुईची परीक्षा काही ठिकाणी सुचवली जाते. ती वस्तूला कायमची खूण ठेवते आणि सेल्युलॉइड सहज पेट घेते, म्हणून ती वर्ज्य मानावी.

द्रव्याच्या नावात कायद्याचाही हात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी दंताचा व्यापार बंद झाला. त्यामुळे बाजारात खरे हस्तिदंत 'हाड' म्हणून आणि घरात हाड 'हस्तिदंत' म्हणून ओळखले जाण्याचा विपरीत प्रकार संभवतो. राजस्थानात तयार होणारी हाडाच्या जडावाची मेजे-कपाटे या बंदीनंतरच्या काळात पुष्कळ वाढली. त्यांत हाडांच्या मोठ्या तुकड्यांमधली जागा रंगीत राळेने भरलेली असते. ही भरणी भिंगाखाली बुडबुड्यांसह दिसते. लाखेत किंवा सरसात तशी दिसत नाही.

शिंपला, धातू, लाकूड

शिंपल्याचे काम ओळखणे तुलनेने सोपे आहे. शिंपल्याच्या थराची झळाळी पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलते, आणि त्यात वाढीच्या नागमोडी रेषा दिसतात. प्लास्टिकची झळाळी सर्वत्र सारखी आणि स्पर्श उबदार असतो. येथेही गुजरातचा वारसा जुना आहे. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातील गुजराती शिंपल्याच्या पेटीला १५३२-३३ सालची फ्रेंच जोडकामे आहेत. त्यावरून पेटीची उत्तर मर्यादा निश्चित होते. अशी सालासहित जोडकामे डहाणूच्या पेट्यांना सहसा मिळत नाहीत.

धातूच्या बाबतीत समुद्रकाठ मदतीला येतो. कथील काळाबरोबर करडे, मंद होते. अॅल्युमिनियम खाऱ्या हवेत पांढरी भुकटी सोडते. अॅल्युमिनियम स्वस्तात मिळू लागले ते १८८६ मध्ये विद्युत-पृथक्करणाची पद्धत शोधली गेल्यावर. सादेलीच्या पट्टीत पांढरी भुकटी आली तर ती पट्टी विसाव्या शतकातील असण्याची शक्यता मोठी. मात्र पितळी पत्र्याने मढवलेल्या काठेवाडी पेटाऱ्याला जडावकाम म्हणू नये. तेथे पत्रा खिळ्यांनी वर ठोकलेला असतो, लाकडात बसवलेला नसतो. लाकडाच्या परीक्षेत रंग फसवतो. आबनूस आतून काळे असते, तर काळे रंगवलेले लाकूड ओरखड्यात तपकिरी दिसते.

एका पेटीची तपासणी

वरील खुणा एकत्र कशा लागू होतात हे पाहण्यासाठी एका नमुन्याची कल्पना करू. समजा, पेटी सुमारे ३० सेंटीमीटर लांब आहे, आतून चंदनाची, झाकणाच्या कडेला तारकांची पट्टी, कोपरे पांढरे. घरचे लोक ती 'पोर्तुगीजांच्या वेळची' सांगतात. कोपऱ्यावरील पट्टीच्या तोंडाशी जाळी दिसते, म्हणजे ते हस्तिदंत. पट्टीतील धातू करडा आहे, तेव्हा कथील. या टप्प्यावर पेटी मुंबई-सुरतची, एकोणिसाव्या शतकातील, असे म्हणता येते. परंतु उजव्या बाजूच्या तीन तारकांत धातूवर पांढरी भुकटी आहे आणि बाकीच्या तारकांतले तिरके त्रिकोण त्यांत नाही. या तीन दुरुस्तीच्या आहेत. बिजागऱ्यांचे स्क्रू काढल्यास त्यांची टोके बोथट दिसतात. टोकदार स्क्रू यंत्राने होऊ लागले ते १८४० च्या दशकानंतर. पण एका बिजागरीचा स्क्रू फुलीच्या खाचेचा निघतो, आणि अशी खाच १९३० च्या दशकातील आहे.

आता या पुराव्यांचे वजन सारखे नाही हे लक्षात घ्यावे. फुलीच्या खाचेचा स्क्रू पेटीचा काळ सांगत नाही, तो बिजागरीच्या दुरुस्तीचा काळ सांगतो. बोथट स्क्रू मूळचे असले तर पेटी शतकाच्या पूर्वार्धाकडे झुकते, पण जुने स्क्रू दीर्घकाळ साठ्यात राहत, म्हणून या खुणेवर एकटीने भिस्त ठेवता येत नाही. चंदनाचा वासही निर्णायक नाही. तेल चोळून तो आणता येतो. त्यापेक्षा पेटीचा तळ पाहणे फायद्याचे. तळाचे लाकूड झाकणाच्या लाकडाशी जुळते का, आतला मखमली अस्तर किंचित उचकटल्यावर खाली जुन्या कागदाचा आणि सरसाचा माग दिसतो का, की ताज्या चिकटवणीचा, हे पाहावे. पावसाळ्यात डहाणूच्या दमट हवेत सरस सुटतो आणि तारका पडतात. त्यामुळे पडलेल्या जागी मेण, पांढरी माती किंवा रंगवलेली लाख भरलेली आढळण्याची अपेक्षा ठेवावी. दुरुस्ती नसलेली पेटी या किनाऱ्यावर मिळाली, तर ती अलीकडे बाहेरून आली असावी, किंवा अलीकडे घडली असावी.