टप्प्यांच्या पट्टीतील ‘पूर्ण’ आणि ‘वर्तमान’

अनेक टप्प्यांच्या संगणकीय अर्जाच्या माथ्यावर वर्तुळे व त्यांना जोडणाऱ्या रेषा यांची एक पट्टी असते. टप्प्याच्या तीन अवस्था तीत दाखविल्या जातात : पूर्ण, चालू व पुढील. या तिन्ही जणू भूत, वर्तमान आणि भविष्य अशा एकाच मालिकेतील आहेत, असे रचनाकार सामान्यतः गृहीत धरतो. पट्टीतील मूळ दोष या गृहीतात आहे.

महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरील विद्यार्थ्याच्या माहितीचे सहा भाग उदाहरणादाखल घेता येतील : व्यक्तिगत माहिती, पत्ता, इतर माहिती, सध्याचा अभ्यासक्रम, मागील पात्रता आणि वसतिगृह. या सहा भागांसाठी सहा वर्तुळे व पाच रेषांची पट्टी कल्पावी. धुळ्याचा एक विद्यार्थी जळगावच्या विद्यापीठात प्रवेश घेतो. तीन भाग भरून तो चौथ्यावर येतो, आणि पत्रव्यवहाराचा पत्ता आता जळगावचा हवा हे ध्यानी आल्यामुळे दुसऱ्याकडे परततो. ‘चालू टप्प्याच्या पुढील ते सर्व अपूर्ण’ असा नियम असेल, तर भरलेला तिसरा भाग रिकामा दिसू लागतो. माहिती पुसली गेली, असा विद्यार्थ्याचा समज झाल्यास नवल नाही. पट्टीची परीक्षाही हीच : चौथ्यावरून दुसऱ्यावर यावे व तिसऱ्याकडे पाहावे.

‘पूर्ण’ हे कार्याच्या सिद्धीविषयीचे विधान आहे, तर ‘चालू’ हे भरणाऱ्याच्या स्थानाविषयीचे. मराठी व्याकरण ‘भरला आहे’ या रूपाला पूर्ण वर्तमानकाळ म्हणते, म्हणजे दोन्ही गुण एकत्र नांदू देते. पट्टीनेही ते स्वतंत्र नोंदवावेत :

```html
<ol>
  <li class="done">व्यक्तिगत माहिती (पूर्ण)</li>
  <li class="done" aria-current="step">पत्ता (पूर्ण)</li>
  <li class="done">इतर माहिती (पूर्ण)</li>
  <li>सध्याचा अभ्यासक्रम</li>
</ol>
```

येथे `done` सिद्धी सांगते व `aria-current` स्थान. पडदा वाचून दाखविणारी साधने हे दुसरे चिन्ह ‘चालू टप्पा’ म्हणून उच्चारतात. दृश्य रूपातही पूर्णतेला बरोबरची खूण आणि स्थानाला जाड कडे द्यावे. केवळ हिरवा व करडा असा रंगभेद केल्यास, रंग ओळखू न शकणाऱ्यास तिन्ही अवस्था सारख्याच वाटू शकतील.

रेषेचा अर्थही यावरूनच ठरतो. ती मागील टप्प्याची सिद्धी सांगते. भरणारा कोठे आहे, याच्याशी तिचा संबंध नाही. जिल्हा बदलल्याने तालुका पुन्हा निवडावा लागत असेल, तर तोवर दुसऱ्या भागाची खूण जावी, दुसऱ्यातिसऱ्यांमधील रेषा फिकी व्हावी, तिसऱ्याची खूण मात्र राहावी. वाट कोठे तुटली हे यामुळे नेमके कळते.

आडव्या मांडणीला एक मर्यादा आहे. 360 बिंदू रुंदीच्या भ्रमणध्वनीवर प्रत्येक टप्प्याच्या वाट्यास जेमतेम 60 बिंदू येतात. तेथे ‘सध्याचा अभ्यासक्रम’ हे नाव एका ओळीत मावत नाही. नावे तोडून त्यांचा अर्थ गमावण्यापेक्षा पट्टी उभी करावी. रेषा उभी झाली, तरी तिचा अर्थ बदलत नाही.