मंगळावरचा गायब शनिवार

मंगळासाठी कॅलेंडर बनवणं हा एक जुना छंद आहे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं कॅलेंडर थॉमस गँगेल यांनी १९८५ साली तयार केलं आणि आपल्या मुलाच्या, डॅरियसच्या, नावावरून त्याला ‘डॅरियन कॅलेंडर’ म्हटलं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गंमत वाटली ती महिन्यांच्या नावांची. मंगळाचं वर्ष आपल्या जवळजवळ दुप्पट, म्हणून महिने चोवीस. राशी मात्र बाराच. मग त्यांनी प्रत्येक राशीचं लॅटिन नाव घेतलं आणि त्याच्या शेजारी संस्कृत नाव ठेवलं. सॅजिटेरियस झाला की धनु, कॅप्रिकॉर्नस झाला की मकर, मग अ‍ॅक्वेरियस, मग कुंभ. आपल्या आजीला अर्धं कॅलेंडर पाठ असणार, असं वाटून मी खूश झाले.

मग नियम वाचले आणि खुशी जरा ओसरली. गँगेल यांनी नावं पंचांगातली घेतली, पण पंचांगातली सगळ्यात शहाणी गोष्ट मागेच राहिली.

आधी हिशोब. मंगळाचा एक दिवस, ज्याला तिथे ‘सोल’ म्हणतात, तो २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो. त्याच्या वर्षात साधारण ६६८.६ सोल बसतात. गँगेल यांनी वीस महिने २८ सोलचे केले आणि दर सहावा महिना २७ सोलचा. ५६० आणि १०८ मिळून ६६८. उरलेल्या अपूर्णांकासाठी दहा वर्षांतली सहा वर्षं एकेका सोलने मोठी. खगोलशास्त्र म्हणून हे काम चोख आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

माझी तक्रार आठवड्याबद्दल आहे. २८ म्हणजे बरोबर चार आठवडे, म्हणून गँगेल यांच्याकडे प्रत्येक महिना रविवारी सुरू होतो. सगळ्या महिन्यांचं पान एकसारखं दिसतं. पण २७ सोलच्या महिन्याचं काय? तिथे शेवटचा शनिवार काढून टाकला आहे. शुक्रवारनंतर थेट पुढच्या महिन्याचा रविवार. असं साध्या वर्षात चार वेळा होतं, आणि मोठ्या वर्षात तीन वेळा, कारण वाढीव सोल शेवटच्या महिन्याला मिळतो.

कागदावर हे किरकोळ वाटतं. आता तिथे एका माणसाला कामाला लावून बघा. समजा वस्तीत हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रावर एक बाई काम करते. आठवड्यातले सहा सोल काम, शनिवारी सुट्टी. कुंभ महिन्यासारख्या एखाद्या महिन्याच्या अखेरीस तिचा शनिवार गायब होतो. रविवार ते शुक्रवार काम, आणि पुन्हा रविवार ते शुक्रवार काम. सलग बारा सोल. तिच्या शेजारणीची सुट्टी रविवारी असेल तर तिला उलट पाच सोलनंतरच सुट्टी मिळते. म्हणजे पान सुबक दिसावं म्हणून एकीचा विसावा गेला आणि दुसरीचा लवकर आला. शनिवार धर्माने पाळणारा एखादा ज्यू वसाहतकरी तिथे असेल तर त्याने काय करायचं, हे कॅलेंडर सांगत नाही.

पंचांगात बघा काय केलंय. चंद्राच्या गतीमुळे तिथी कमीजास्त होतात. कधी एखादी तिथी क्षय पावते, कधी एकच तिथी दोन दिवस येते, कधी आख्खा महिना जास्तीचा येतो. पण वार? वार कधीच गळत नाही. एकादशी गळेल, पण मंगळवारनंतर बुधवार येणारच. आकाशाचा सगळा गोंधळ तिथी, मास आणि वर्षाने सोसायचा, आठवड्याला हात लावायचा नाही. युरोपनेही हेच केलं. १५८२ साली ग्रेगरीच्या सुधारणेत दहा तारखा उडवल्या, तरी गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबरच आला.

आपल्याकडचा एक मोठा माणूसही या मोहात पडला होता, हे सांगायला हवं. मेघनाद साहा हे भारताच्या कॅलेंडर सुधारणा समितीचे अध्यक्ष होते आणि ते ‘वर्ल्ड कॅलेंडर’चे पुरस्कर्ते होते. भारताने ती कल्पना १९५३ साली संयुक्त राष्ट्रांपुढे नेली. तिच्यात ३६४ दिवस आठवड्यांत बसवून वर्षअखेरीचा एक दिवस कुठल्याच वाराचा नाही, असं होतं. वर्ष दरवेळी रविवारीच सुरू झालं असतं. धार्मिक गटांनी कडाडून विरोध केला, कारण दर वर्षी त्यांचा पवित्र वार एका घराने सरकला असता. प्रस्ताव बारगळला. साहांनी वार न मोजता दिवस ठेवला, गँगेल यांनी दिवसच काढला. आठवडा दोन्हीकडे तुटला. आणि कशासाठी? दर महिन्याचं पान सारखं दिसावं म्हणून. ही सोय छापखान्याच्या काळातली. आपण तर दरवर्षी नवं कालनिर्णय आनंदाने विकत घेतो, आणि आज कुठला वार हे बघायला फोन असतो.

आठवडा मोडण्याचा खरा प्रयोग सोव्हिएत रशियात झाला. १९२९ साली तिथे पाच दिवसांचा अखंड आठवडा आणला. कामगारांचे पाच गट, प्रत्येकाला एक रंग, प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या दिवशी. यंत्रं कधीच थांबणार नाहीत, हा हेतू. नवऱ्याचा रंग एक, बायकोचा दुसरा, तर दोघांची सुट्टी एकत्र येईना. १९३१ साली तो सहा दिवसांचा केला, आणि १९४० साली पुन्हा सात दिवसांवर आले. मंगळावर तर यंत्रं खरंच थांबवता येणार नाहीत. म्हणून तिथे हा धोका जास्त आहे.

आता दिवसाकडे येते, कारण तिथे एका कादंबरीकाराने जास्त छान विचार केलाय. किम स्टॅनली रॉबिन्सन यांच्या ‘रेड मार्स’मध्ये (१९९२) वसाहतीची घड्याळं मध्यरात्री थांबतात. साडेएकोणचाळीस मिनिटं बाराच वाजलेले असतात, मग काटे पुन्हा चालू. या फटीला तिथे ‘टाइमस्लिप’ म्हणतात. रॉबिन्सन यांनी फिलिप के. डिक यांच्या कादंबऱ्यांवर पीएचडी केली होती आणि डिक यांच्या एका कादंबरीचं नावच ‘मार्शियन टाइम-स्लिप’ (१९६४) आहे, त्यामुळे हा गुरूला केलेला नमस्कार असावा, असं मला वाटतं. कल्पना मोहक आहे. कुणाच्याच मालकीचा नसलेला वेळ, रोज. वाचताना मलाही तो हवासा वाटला.

पण घरात कुणी कंपनीत शिफ्टला जात असेल तर तुम्हाला लगेच प्रश्न पडेल: तेव्हा ड्यूटीवर कोण असतं? घड्याळ थांबलं म्हणून हवेचा पंप थांबत नाही. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा अशा तीन पाळ्या धरा. मध्यरात्र नेहमी थर्ड शिफ्टमध्येच येते. म्हणजे जगाची जादूची फट ही रात्रपाळीवाल्याची रोजची साडेएकोणचाळीस मिनिटांची जादा ड्यूटी. आठवड्याला सहा रात्री धरल्या तर त्याचे तास ४८ ऐवजी जवळजवळ ५२ होतात. आपल्या १९४८च्या कारखाना कायद्यात ४८ च्या पुढे दुप्पट पगार होता; रॉबिन्सन यांच्या वसाहतीत ती मिनिटं घड्याळातच नाहीत, तर दुप्पट करणार कशाची? तो माणूस मंगळाच्या एका वर्षात सुमारे ५७० रात्री काम करतो. त्या सगळ्या फटींची बेरीज ३७८ तासांच्या आसपास जाते. आठ तासांच्या ४७ पाळ्या.

यावर दुसरा उपाय म्हणजे तासच ताणायचा. नासाच्या जेपीएलमध्ये हाच मार्ग आहे. मंगळाचा तास आपल्या ६१ मिनिटं ३९ सेकंदांचा, आणि सोलमध्ये असे चोवीस. २००४ साली स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी उतरल्या तेव्हा तिथले लोक मंगळाच्या वेळेने कामाला येत आणि त्यांच्यासाठी एका घड्याळजीने मुद्दाम मंद चालणारी मनगटी घड्याळं बनवली होती. रोज कामावर चाळीस मिनिटं उशिरा यायचं. पाच-सहा दिवसांत सकाळची पाळी दुपारची होते, अडीच आठवड्यांत मध्यरात्रीची, आणि सदतीस दिवसांनी पुन्हा जागेवर. माणसाच्या शरीराचं आतलं घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांचं असतं, त्यामुळे त्याला रोज आणखी सुमारे अर्धा तास ओढावं लागतं. त्यात बाहेर कॅलिफोर्नियाचा सूर्य उलटं सांगत होता. वसाहतीत निदान सूर्य आपल्या बाजूने असेल, पण किरणोत्सारापासून वाचायला लोक जमिनीखाली राहणार असतील तर तो सूर्यही दिव्यांनीच बनवावा लागेल. संध्याकाळी पुरेसा उजेड आणि त्याचं ठरलेलं वेळापत्रक हे मग पाणीपुरवठ्याइतकंच नेमाने चालवायला लागेल.

ताणलेल्या तासात ती फट नाहीशी होते, असं वाटतं. होत नाही. आठ ताणलेले तास म्हणजे आपले ८ तास १३ मिनिटं. तिन्ही पाळ्यांवर तेरा-तेरा मिनिटं वाटली गेली. सहा सोलच्या आठवड्याने प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला साधारण १६ पाळ्यांचं जादा काम येतं. रॉबिन्सन यांच्या पद्धतीत पाळ्या आलटून-पालटून घेतल्या तरी हाच आकडा येतो. फरक एवढाच की तिथे ते काम दिसतं, आणि इथे ते तासाच्या आत लपलेलं असतं. म्हणून टीकाकार म्हणून माझं मत रॉबिन्सन यांच्याच बाजूने झुकतं. त्यांनी वेळ निदान उघड्यावर ठेवला. फक्त मौज करणाऱ्यांच्या बाजूने लिहिताना पंपाजवळ बसलेल्याला विसरले.

मला वसाहतीचं वेळापत्रक करायला सांगितलं तर मी गँगेल यांचे महिने आणि राशी ठेवीन, आठवडा मात्र कधीही तोडणार नाही. ६६८ सोलमध्ये पंचाण्णव आठवडे जाऊन तीन सोल उरतात. महिना बुधवारी सुरू झाला तर झाला. रॉबिन्सन यांची फट मध्यरात्रीच राहू दे, गाणी-बिणी होऊ देत. पण त्या फटीत जो ड्यूटीवर असेल त्याच्या वहीत साडेएकोणचाळीस मिनिटं जमा व्हावीत, आणि अशा बारा रात्री झाल्या की एक पूर्ण पाळी भरपगारी रजा. बारा रात्रींची ४७५ मिनिटं होतात आणि पाळीला ४८० लागतात. ती पाच मिनिटं वसाहतीने सोडून द्यावीत.