नियम सांगण्यापूर्वी : नववीच्या बीजगणितातील घातांक

काही वर्षांपूर्वी नववीच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना एका पानावर मी बराच वेळ अडले होते. पानाच्या वरच्या बाजूला चौकट आखून, सुवाच्य अक्षरात नियम लिहिला होता : aᵐ × aⁿ = aᵐ⁺ⁿ. त्याच्या बरोबर खाली उत्तर होते : 3² × 3³ = 9⁵. नियम पाठ होता, हवा तेथे आठवला होता, घातांकांची बेरीजही बरोबर होती. मधे गुणाकाराचे चिन्ह आहे म्हणजे कशाचा तरी गुणाकार केलाच पाहिजे, एवढ्याच समजुतीने त्या मुलीने पायांचाही गुणाकार करून टाकला होता. खरे उत्तर 243. तिचे उत्तर 59049. दोन संख्यांमधले हे अंतर तिला खटकले नाही, कारण तिच्या लेखी त्या संख्या नव्हत्याच. ती चिन्हांची मांडणी होती.

घातांकांशी मुलांची ओळख नववीच्या आधीच झालेली असते. नियम सातवी-आठवीत येऊन जातात. नववीत बहुपदींचा गुणाकार आणि करणी सुरू झाल्या की त्या नियमांवर पहिल्यांदा खरा भार पडतो, आणि पाठ केलेले नियम तेथे एकमेकांत मिसळतात. कुठे बेरीज, कुठे गुणाकार, कुठे काहीच नाही, हे केवळ स्मरणावर सोपवले की असेच होते.

यावर जो उपाय सुचवला जातो तो वाचकांनीही ऐकला असेल : नियम आधी सांगू नका, उदाहरणे मांडा, त्यांतला आकृतिबंध मुलांनाच शोधू द्या, नियम शेवटी फळ्यावर येऊ द्या. मी ही पद्धत स्वीकारली आणि आजही तिच्याच बाजूची आहे. तरीही या लेखात तिची चिकित्सा करायची आहे, कारण ती सहसा अर्धवट सांगितली जाते. आकृतिबंध सापडला म्हणजे नियम सापडला, असे तिचे प्रचारक गृहीत धरतात. माझा पहिलाच तास या गृहीतकावर आपटला.

त्या तासाला मी फळ्यावर सोपी उदाहरणे घेतली. 2² × 2² म्हणजे 4 × 4, म्हणजे 16, म्हणजे 2⁴. मग 3² × 3² म्हणजे 9 × 9, म्हणजे 81, म्हणजे 3⁴. ‘‘काय दिसतं?’’ असे विचारताच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘‘बाई, वरच्या आकड्यांचा गुणाकार करायचा. दोन दुणे चार.’’ वर्गातल्या निम्म्या माना डोलल्या. त्याचे निरीक्षण निर्दोष होते. दोन उदाहरणे होती आणि त्याचा नियम दोन्हींना लागू पडत होता. चूक माझी होती. दोन आणि दोन यांची बेरीजही चार आणि गुणाकारही चार, हे मी उदाहरणे निवडताना पाहिलेच नव्हते. पुढे मी (2²)² घेतले असते, तर तेही 16 आले असते आणि दोन वेगळे नियम एकाच उत्तरामागे कायमचे लपले असते.

तेव्हा पहिला धडा मिळाला तो मला. आकृतिबंधाच्या पद्धतीत शिक्षक गप्प असतो, पण तटस्थ नसतो. कोणती उदाहरणे फळ्यावर जातात यावरच मुलांना काय ‘सापडेल’ हे ठरते. दुसऱ्या दिवशी मी 2³ × 2⁴ घेतले. 8 गुणिले 16 म्हणजे 128. दोनाची दुप्पट करत गेलो की 128 सातव्या जागी येते. घातांकांचा गुणाकार केला असता तर 2¹², म्हणजे 4096 यायला हवे होते. त्या मुलाने स्वतःच आपला नियम मागे घेतला.

पण नियम बदलला तरी एक प्रश्न उरतोच. तीन, चार, दहा उदाहरणांत बेरीज जुळली, तर अकराव्यात का जुळावी? उत्तरे काढून ती न्याहाळण्यात याचे उत्तर नाही. ते मिळते उत्तर काढण्याचे टाळल्यावर. म्हणून आता मी 8, 16, 128 या संख्या फळ्यावर येऊच देत नाही. मुलांनी गुणाकार लांबलचक लिहायचा :

5³ × 5⁴ = (5 × 5 × 5) × (5 × 5 × 5 × 5)

कंस पुसा आणि पाच मोजा. तीन इकडचे, चार तिकडचे, एकूण सात. बेरीज कोठून आली हे येथे दिसते. ती नुसती मोजणी आहे. पाया पाचच का राहिला हेही दिसते, कारण पंचवीस कोणी लिहिलेलेच नाही. अशी पाच-सहा उदाहरणे झाली की कोणीतरी कंटाळून विचारते, ‘‘बाई, दर वेळी एवढं लिहायचंच का?’’ मी या प्रश्नाची वाट पाहत असते. मग 7⁴⁰ × 7⁶⁰ देते. ते लिहून काढणे शक्य नसते, पण लिहिले असते तर किती साते झाली असती हे सर्वांना ठाऊक असते. नियम येथे जन्मतो.

सापडलेला नियम खरोखर उमगला आहे का, हे पाहण्यासाठी जेथे तो लागू पडत नाही अशी उदाहरणे द्यावी लागतात. 3² + 3³ दिले की काही मुले 3⁵ लिहितात. त्यांना लिहून काढायला सांगावे : नऊ आणि सत्तावीस, छत्तीस, 3⁵ तर 243. याहून फसवे उदाहरण 2³ + 2³ = 2⁴ हे आहे. ते खरे आहे, आणि त्यावरून ‘बेरजेत घातांक एकाने वाढतो’ असा नियम मुले आनंदाने काढतात. 3³ + 3³ म्हणजे 54, पण 3⁴ म्हणजे 81, हे पाहिल्यावर आधीच्या खऱ्या उत्तरामागचे कारण त्यांना शोधावे लागते : सारख्या दोन संख्या मिळवणे म्हणजे दोनाने गुणणे, आणि तेथे पाया योगायोगाने दोनच होता.

घातांकांची बेरीज आणि गुणाकार यांतला हा घोळ आजच्या मुलांचाच नाही. आपल्या जुन्या बीजगणितातल्या संज्ञांमध्येही हा भेद जपावा लागला होता. तेथे चौथ्या घाताला वर्गवर्ग म्हणत आणि सहाव्याला वर्गघन, म्हणजे दोन आणि तीन यांचा गुणाकार. पाचव्या घाताला मात्र वर्गघनघात म्हणत. घात म्हणजे गुणाकार. वर्ग आणि घन यांचा गुणाकार, म्हणून दोन अधिक तीन, पाच. शेवटचा एक शब्द जोडला की सहाचे पाच होतात. (x²)³ आणि x² × x³ यांतला फरक मी आता या दोन नावांवरून सांगते, आणि संस्कृत घेतलेल्या मुलांना तो लवकर पटतो.

इथपर्यंत पद्धत चोख चालते. खरी अडचण शून्यापाशी येते, आणि माझी मुख्य तक्रारही तेथेच आहे. सर्वसाधारणपणे फळ्यावर असा तक्ता मांडला जातो :

2⁴ = 16
2³ = 8
2² = 4
2¹ = 2
2⁰ = ?

उजवीकडे दर पायरीला निम्मे होते, म्हणून 2⁰ म्हणजे 1. आणखी खाली गेले की 2⁻¹ म्हणजे ½ आणि 2⁻² म्हणजे ¼. मुलांना हे आवडते. तक्ता मांडण्यापूर्वी कौल घेतला तर बहुतेक हात ‘शून्य’ या उत्तरासाठी वर जातात, म्हणून हे उत्तर जादूसारखे वाटते. मग शिक्षक म्हणतात, ‘‘पाहा, तुम्हीच शोधून काढलंत.’’ हे वाक्य मीही अनेकदा उच्चारले आहे, आणि ते खरे नाही.

5³ × 5⁴ मधली साते मोजता येतात. म्हणजे सात वेळा आलेला पाच मोजता येतो. 2⁰ मध्ये मोजायला काहीच नाही. ‘दोन शून्य वेळा’ याला आपण दिलेल्या व्याख्येत अर्थच नव्हता. तक्ता तो अर्थ सिद्ध करत नाही. खाली उतरतानाही चाल मोडू नये अशी आपली इच्छा असेल तर कोणता अर्थ द्यावा लागेल, एवढेच तो सांगतो. 2³ ÷ 2³ चे उत्तर 1 आहे आणि वजाबाकीचा नियम तेथेही टिकवायचा आहे, म्हणून आपण 2⁰ = 1 असे ठरवतो. पहिला नियम सापडतो, दुसरा ठरवला जातो. दोन्हींना ‘शोध’ म्हटले की गणितातल्या दोन वेगळ्या कृती मुलांच्या मनात एक होतात.

इतिहासही असाच चालला आहे. जर्मन गणिती मिखाएल श्टीफेल याने १५४४ साली ‘अरिथमेटिका इंटेग्रा’ या ग्रंथात दोन ओळींचा तक्ता दिला. वर -3 पासून 6 पर्यंतच्या संख्या, खाली ⅛ पासून 64 पर्यंतच्या. वरच्या ओळीतली बेरीज म्हणजे खालच्या ओळीतला गुणाकार, हे त्याने दाखवले, आणि वरच्या संख्यांना दिलेल्या नावावरूनच इंग्रजीतला ‘एक्स्पोनंट’ हा शब्द आला. आज आपण घातांक डोक्यावर लहान आकड्यात लिहितो, ती रीत देकार्तच्या १६३७ च्या भूमितीच्या ग्रंथामुळे रूढ झाली. म्हणजे आजचे चिन्ह रूढ होण्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी तक्ता होता. आपल्या वर्गात चिन्ह पहिल्या दिवशी येते आणि तक्ता आला तर शेवटी.

शून्याचा प्रसंग किती नाजूक आहे हे मला एका मुलीने दाखवले. तक्ता संपल्यावर तिने विचारले, ‘‘मग 0⁰ किती?’’ मी उत्तर न देता दोन ओळी लिहिल्या. 3⁰, 2⁰, 1⁰ : तिन्ही ठिकाणी 1. दुसरी ओळ 0³, 0², 0¹ : तिन्ही ठिकाणी 0. पहिल्या ओळीने चालत गेले तर 0⁰ म्हणजे 1, दुसरीने गेले तर 0. दोन्ही आकृतिबंध तितकेच सरळ आहेत आणि दोघांची उत्तरे वेगळी. वर्ग शांत झाला. मग मी पुस्तकातल्या नियमाशेजारची a ≠ 0 ही अट वाचायला सांगितली. एरवी मुले ती ओलांडून जातात. भागाकाराच्या ज्या वाटेने आपण 2⁰ पर्यंत आलो, ती येथे 0 ÷ 0 पाशी बंद होते. म्हणून शाळेच्या पुस्तकात 0⁰ ला किंमत दिलेली नाही. त्या दिवशी मुलांना अटीची गरज कळली.

या पद्धतीवर वेळेचा आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. नियम सांगून सराव दिला तर एका तासात काम भागते. मला चार लागतात. म्हणून सगळेच नियम मी शोधायला देत नाही. गुणाकार, घाताचा घात आणि शून्य, एवढ्या तिघांना वेळ देते. भागाकाराचा नियम आणि (ab)ᵐ मुले पहिल्या रीतीनेच, लिहून आणि मोजून, घरी काढून आणतात.

फळ्याचे मी आता दोन भाग करते. डावीकडे ‘मोजून सापडले’, उजवीकडे ‘आपण ठरवले’. प्रत्येक नियम कोणत्या बाजूला जाईल यावर वर्गात वाद होतो, आणि तो मी होऊ देते. चुका थांबल्या असे म्हणणार नाही. 9⁵ अजूनही अधूनमधून भेटते. पण हल्ली काही उत्तरपत्रिकांच्या समासात, कच्च्या कामाच्या जागी, पेन्सिलने बारीक लिहिलेले दिसते : 3 × 3 × 3 × 3 × 3. नियम आठवेनासा झाला तेव्हा त्या मुलाने पुन्हा तिने मोजले होते.