मॉर्फ आणि धरणातले पाणी

पावसाळ्यात पुण्याच्या वृत्तपत्रांत पवना, मुळशी यांच्याबरोबर कासारसाई धरणाच्या साठ्याचीही टक्केवारी छापून येते. मुळशी तालुक्यातले हे मातीचे धरण घेऊन साठा कसा वाढतो हे समजावणारे एक सादरीकरण शिक्षकांच्या एका मेळाव्यात पाहण्यात आले. पहिल्या स्लाइडवर कोरडी दरी, दुसऱ्या स्लाइडवर काठोकाठ पाणी, आणि दोहोंच्या मध्ये पॉवरपॉइंटमधील मॉर्फ. कळ दाबताच पाणी तळापासून अलगद वर चढले. दृश्य देखणे होते. मात्र पाणी सावकाश, सारख्या हिशेबाने चढते, ही त्यातून मिळणारी समजूत चुकीची होती.

मॉर्फला दरी किंवा पाणी समजत नाही. त्याला पहिल्या स्लाइडवरील आकृतीची जागा, आकारमान आणि रंग ठाऊक असतात, तसेच दुसऱ्या स्लाइडवरील. मधल्या अवस्था ते स्वतःच भरून काढते. वस्तू सरळ रेषेत सरकवते, आकार प्रमाणात वाढवते, आणि डोळ्यांना धक्का बसू नये म्हणून सुरुवातीला व शेवटी वेग कमी ठेवते. म्हणजे पडद्यावरची दोन टोके शिक्षकाची, मधला प्रवास मात्र यंत्राचा. विद्यार्थी तर हा प्रवासच लक्षपूर्वक पाहतो.

आता दरीचा विचार करू. सोयीसाठी ती उलट्या शंकूसारखी मानू. पाण्याची खोली दुप्पट झाली की लांबी आणि रुंदीही दुप्पट होते, म्हणून साठा आठपट होतो. खोली निम्मी असताना साठा पूर्ण साठ्याच्या एकअष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्केच असतो. पाण्याची आवक सारखी असेल, तर पातळी आरंभी भराभर चढते आणि पुढे रेंगाळते. मॉर्फच्या चित्रात मात्र निम्म्या वेळी पाणी निम्म्या उंचीवर दिसते आणि मुले 'धरण अर्धे भरले' म्हणतात.

यावर उपाय मॉर्फ टाकून देणे हा नव्हे. टोके दोनच न देता पाच द्यावीत. पाण्यासाठी टोक खाली असलेला समद्विभुज त्रिकोण काढा. पूर्ण भरलेल्या स्लाइडवर त्याची उंची ८ सेंमी व रुंदी १६ सेंमी ठेवा. ही स्लाइड Ctrl+D ने उतरवून घ्या आणि प्रत्येक प्रतीत केवळ त्रिकोणाची मापे बदला. पाव साठ्याला उंची ५.०४ सेंमी, अर्ध्याला ६.३५, पाऊणला ७.२७ आणि पूर्ण साठ्याला ८ सेंमी. रुंदी दर वेळी उंचीच्या दुप्पट. रिकाम्या दरीसाठी उंची ०.१ सेंमी पुरे. त्रिकोणाचे खालचे टोक जागचे हलू नये म्हणून, स्लाइडच्या डाव्या व वरच्या कडेपासून त्याचे अंतर, दोन्ही वेळा, १६ वजा उंची इतके ठेवा. अर्ध्या साठ्याला ते ९.६५ सेंमी येईल. स्लाइडी साठ्याच्या चढत्या क्रमाने लावा, मग Transitions मधून Morph निवडा आणि Duration सर्वत्र सारखे ठेवा.

आता प्रत्येक टप्प्यात सारखेच पाणी येते. पहिल्या पाव साठ्याला पातळी सुमारे ५ सेंमी चढते, शेवटच्या पाव साठ्याला पाऊण सेंमीहूनही कमी. दर स्लाइडला हालचाल क्षणभर थांबल्यासारखी होते. हा मॉर्फचा दोष आहे आणि तो पुरता जात नाही. वर्गात मला तो उपयोगीच वाटतो. त्या थांब्यावर 'आता पुढची रेघ कुठे येईल?' असे विचारून मुलांना कागदावर खूण करू द्यावी.

पाणी वर न चढता नुसते विरघळून दुसरे चित्र उमटले, तर मॉर्फला दोन्ही त्रिकोण एकच आहेत हे ओळखता आलेले नाही. प्रत न करता नवा त्रिकोण काढला की बहुधा असे होते. Alt+F10 ने Selection Pane उघडून सर्व स्लाइडींवर त्या त्रिकोणाला `!!pani` हे एकच नाव द्यावे. आरंभीची दोन उद्गारचिन्हे महत्त्वाची, त्यांमुळे जोडी पक्की होते. शाळेतील पॉवरपॉइंट २०१९ पूर्वीचे असेल तर मॉर्फ बनवता येणार नाही, आणि फार जुन्या आवृत्तीत नुसता फिकट बदल दिसेल.

एक गोष्ट मात्र मॉर्फ निर्दोष करते. समांतरभुज चौकोनाचा त्रिकोणी तुकडा कापून दुसऱ्या बाजूला सरकवला की आयत होतो, हे दाखवताना तुकडा खरोखरच सरळ रेषेत जातो आणि त्याला किती वेळ लागला याला अर्थ नसतो. तेथे दोन स्लाइडी पुरतात. धरणाचे तसे नाही. शिवाय कासारसाईची खरी दरी शंकू नाही. प्रत्येक पातळीला साठा किती, याचा तक्ता अभियंते प्रत्यक्ष मोजणीवरून करतात. तसा तक्ता हाती आला, तर वरच्या पाच उंची त्यातून घ्याव्यात.